दहा वर्षांचे ५९ टक्के, एका वर्षाचे किती?

१ मार्च २००१ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ७,०४,००२ माणसे राहत होती. दहा वर्षांनी, १ मार्च २०११ रोजी, ती ११,२०,५४७ झाली. हे जनगणनेचे आकडे. वाढ ४,१६,५४५ माणसांची, म्हणजे मूळ आकड्याच्या ५९.१७ टक्के. जनगणनेच्या तक्त्यांत या आकड्याला ‘दशवार्षिक वाढीचा दर’ म्हणतात. मुंबईची गर्दी ओढून घेण्यासाठी सिडकोने १९७० पासून खाडीपलीकडे जे शहर उभारायला घेतले, त्याने एका दशकात किती माणसे सामावून घेतली, ते या एका आकड्यात दिसते.

पण पाण्याची योजना दशकावर आखता येत नाही. बसगाड्या, शाळांच्या तुकड्या, कचऱ्याच्या गाड्या हे सगळे दरसाल लागते. त्यामुळे पुढचा प्रश्न येतोच : दर वर्षी किती टक्के? आणि उत्तरही तयार असते. ५९.१७ ला दहाने भागा, ५.९२ टक्के. सभेतल्या भाषणात, प्रकल्प अहवालात, घरांच्या जाहिरातीत हे भागाकाराचे उत्तर सर्रास ‘सरासरी वार्षिक वाढ’ म्हणून वावरते. ते चूक आहे, आणि नवी मुंबईच्या बाबतीत चूक किरकोळही नाही.

पडताळा घेणे सोपे आहे. वाढ दर वर्षी ५.९२ टक्के असेल, तर २००१ च्या सात लाख चार हजारांवर ती दहा वेळा चढवली की २०११ चा आकडा यायला हवा. पहिल्या वर्षी ७,०४,००२ चे ५.९२ टक्के मिळवा, जो आकडा येईल त्याचे पुन्हा ५.९२ टक्के मिळवा, असे दहा वेळा करत गेलात की साडेबारा लाखांवर पोहोचता. प्रत्यक्षात मोजलेली माणसे ११ लाख २० हजार. म्हणजे भागाकाराने तब्बल एक लाख तीस हजार माणसे हवेतून आणली! अख्खा एक नोड वसवावा इतकी.

ही जादा माणसे आली कुठून? ५९.१७ टक्के हा आकडा फक्त २००१ च्या लोकसंख्येचा हिस्सा सांगतो. दहाने भागले की आपण नकळत एवढेच म्हणतो की दर वर्षी ४१,६५४ माणसे वाढली. तसे म्हणायला हरकत नाही, दहा वर्षांची बेरीज बरोबर जुळते. मात्र ही ४१,६५४ माणसे २००१ च्या गावाला ५.९२ टक्के होती. त्याच चालीने २०१० पर्यंत शहर १० लाख ७८ हजारांचे झालेले असते आणि तेवढीच माणसे आता जेमतेम ३.८६ टक्के भरतात. म्हणजे माणसांचा आकडा ठाम ठेवला तर टक्केवारी दर वर्षी घसरते. टक्केवारी ठाम ठेवली तर माणसांचा आकडा दर वर्षी चढतो. दोन्ही एकदम ठाम राहू शकत नाहीत. माणसांच्या सरासरीला टक्क्याचे चिन्ह जोडून भागाकार नेमका हाच घोळ घालतो.

चक्रवाढ व्याज महाराष्ट्रात आठवीच्या गणितात शिकवतात. त्या धड्यात मुद्दल, दर आणि मुदत दिलेली असते आणि रास काढायची असते. इथे गणित तेच, फक्त उलट्या दिशेने. मुद्दल ठाऊक, रास ठाऊक, मुदत ठाऊक. दर काढायचा आहे. गंमत म्हणजे मुद्दल आणि रास वेगवेगळी ठाऊक नसली तरी चालते. एकूण वाढीची टक्केवारी पुरते, कारण तीत दोघांचे गुणोत्तर दडलेले असते. वाढ ५९.१७ टक्के म्हणजे १०० चे १५९.१७ झाले, म्हणजेच शहर १.५९१७ पट झाले. या ‘पट’पाशी येणे ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेक चुका ती गाळल्यामुळे होतात. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी, भागाकार करत बसू नये. आधी १०० मिळवून पट करावी, गणित पटीत करावे आणि शेवटी पुन्हा टक्क्यांवर यावे.

पटीत प्रश्न असा दिसतो : असा कोणता आकडा आहे, जो स्वतःशी दहा वेळा गुणला तर १.५९१७ येईल? गणिताच्या भाषेत, १.५९१७ चे दहावे मूळ. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर किंवा संगणकाच्या तक्त्यात ते क्षणात मिळते. तरी एकदा तरी साध्या कॅल्क्युलेटरवर अंदाजाने काढून पाहावे. त्यात उत्तर कोणत्या बाजूने आवळत जाते, ते हाताला कळते.

भागाकाराचे उत्तर ५.९२ होते आणि ते जास्त ठरले, म्हणून सुरुवात पाच टक्क्यांपासून करू. १.०५ चा वर्ग १.१०२५. त्याचा वर्ग १.२१५५, ही चार वर्षे झाली. त्याचा पुन्हा वर्ग १.४७७५, ही आठ वर्षे. त्याला दोन वर्षांच्या १.१०२५ ने गुणले की दहा वर्षे : १.६२८९. आपल्याला १.५९१७ हवे होते, म्हणजे पाच टक्के जास्त झाले. चार टक्क्यांनी तोच खेळ केला तर १.४८०२ येते, हे कमी. उत्तर चार आणि पाचच्या मध्ये, पाचच्या जवळ. ४.७ ने १.५८२९ येते, ४.८ ने १.५९८१. आपला १.५९१७ या दोघांच्या मधोमध, किंचित ४.८ कडे झुकलेला. तेव्हा उत्तर ४.७६ टक्के. दहा वेळा गुणायची गरज पडली नाही. वर्गाचा वर्ग करत गेल्यामुळे चार गुणाकारांत दहा वर्षे पार पडली.

या ४.७६ टक्क्यांनी पहिल्या वर्षी नवी मुंबईत साडेतेहेतीस हजार माणसे वाढतात आणि दहाव्या वर्षी जवळजवळ ५१ हजार. बेरीज ११ लाख २० हजारांवर चोख येते.

संगणकाच्या तक्त्यात हेच असे लिहायचे :

```
=(1+59.17%)^(1/10)-1
=RRI(10,704002,1120547)
```

पहिल्या ओळीत फक्त एकूण टक्केवारी आणि वर्षे लागतात. दुसऱ्या ओळीत वर्षे, सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा. दोन्हींचे उत्तर 0.0476. पहिल्या ओळीतले दोन्ही कंस जीव लावून जपायचे आहेत. `1/10` भोवतीचा कंस विसरला तर संगणक आधी १.५९१७ चा पहिला घात करतो, म्हणजे काहीच करत नाही, आणि मग त्याला दहाने भागतो. उत्तर उणे ८४ टक्के येते. ही चूक लगेच लक्षात येते, कारण दहा वर्षांत दीडपट झालेले शहर दर वर्षी ८४ टक्क्यांनी ओस पडू शकत नाही. अधिक फसवी चूक म्हणजे 1 मिळवायचे विसरून नुसत्या ०.५९१७ चे मूळ काढणे. त्यातून उणे ५.१ येते. आकडा भरवशाचा दिसतो, म्हणून घाईत कुणीतरी वजाचे चिन्ह पुसून टाकतो आणि ‘५.१ टक्के’ पुढे सरकवतो. वाढ झाली असताना उत्तर उणे आले, तर चिन्ह पुसायचे नाही, सूत्र तपासायचे.

तिसरी चूक वर्षे मोजण्यातली. २००१, २००२, २००३ असे बोटांवर मोजत गेले की २०११ पर्यंत अकरा बोटे होतात. पण वाढ वर्षांत होत नाही, दोन वर्षांच्या मधल्या अंतरात होते, आणि अंतरे दहाच आहेत. अकरा धरली तर दर ४.३ वर उतरतो.

मग इतकी ढोबळ चूक इतकी वर्षे चालते कशी? कारण वाढ थोडी असली की ती जवळपास दिसतच नाही. महाराष्ट्राची लोकसंख्या त्याच दशकात ९ कोटी ६८ लाखांवरून ११ कोटी २३ लाखांवर गेली, वाढ १५.९९ टक्के. भागाकाराने १.६०, खरा दर १.४९. वर्तमानपत्राच्या बातमीत एवढ्या फरकाने कुणाचे बिघडत नाही. वाढ जितकी मोठी आणि मुदत जितकी लांब, तितकी दरी रुंदावते. १९९१ च्या जनगणनेत नवी मुंबईची नोंद सुमारे ३ लाख ८ हजारांची आहे. तिथपासून २०११ पर्यंत वीस वर्षांत वाढ २६४ टक्क्यांच्या घरात. वीसने भागले तर १३.२ टक्के. वीस वेळा गुणून बरोबर जुळणारा दर मात्र ६.७ टक्के. इथे भागाकार जवळजवळ दुप्पट सांगतो.

घट असेल तर काय, हा प्रश्न नवी मुंबईच्या संदर्भात आपोआप येतो, कारण हे शहर मुळात जुन्या मुंबईवरचा भार हलका व्हावा म्हणून बांधले गेले. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा २००१ मध्ये ३३,३८,०३१ लोकांचा होता, २०११ मध्ये ३०,८५,४११ लोकांचा. घट ७.५७ टक्के. (ही सगळी माणसे वाशीला आली, असा निष्कर्ष कुणी काढू नये. बरीचशी उपनगरांत, ठाण्याला, कल्याण-डोंबिवलीला गेली.) इथे पट ०.९२४३. तिचे दहावे मूळ ०.९९२२, म्हणजे दर वर्षी उणे ०.७८ टक्के. भागाकार सांगतो उणे ०.७६. म्हणजे वाढ असताना भागाकार फुगवून सांगतो आणि घट असताना ती सौम्य करून सांगतो. दोन्ही वेळा चित्र असते त्यापेक्षा गोजिरे दिसते, हा निव्वळ योगायोग नाही. वाढीत पाया दर वर्षी मोठा होत असतो, घटीत लहान. भागाकार मात्र पहिल्याच पायावर अडून बसलेला असतो.

आता एक हातची युक्ती. साध्या चार-क्रियांच्या कॅल्क्युलेटरवर दहाव्या मुळाचे बटण नसते, पण वर्गमुळाचे बहुधा असते. मुदत दोन, चार, आठ किंवा सोळा वर्षांची असेल, तर तेवढे बटण पुरते. दोन वर्षांसाठी एकदा, चारसाठी दोनदा, आठसाठी तीनदा, सोळासाठी चारदा दाबायचे. पतसंस्थेच्या फलकावर ‘आठ वर्षांत दामदुप्पट’ लिहिलेले असते. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ. आठने भागून एजंट साडेबारा टक्के सांगतो. तुम्ही २ दाबा आणि वर्गमूळ तीनदा : १.४१४२, १.१८९२, १.०९०५. दर ९.०५ टक्के. तो साडेबारा म्हणाला तेव्हा खोटे बोलला असे नाही, सरळव्याजाने तेवढाच पडतो. पण शेजारच्या बँकेतली मुदत ठेव चक्रवाढीने व्याज देत असते, तिच्या दराशी तुलना करायची तर आकडा ९.०५ चाच घ्यायला हवा.

ही सोळा वर्षांची युक्ती लवकरच भरपूर कामाला येणार आहे. भारतात १८८१ पासून जनगणना दर दहा वर्षांनी होत आली. २०२१ ची झाली नाही. आता जी होत आहे, तिची संदर्भ तारीख देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ आहे. म्हणजे मागच्या मोजणीपासूनचे अंतर दहा नव्हे, नेमके सोळा वर्षांचे. तक्त्यात ‘२०११ च्या तुलनेत वाढ’ असा रकाना असेलच, आणि त्यातला आकडा जुन्या दशवार्षिक आकड्यांच्या शेजारी ठेवण्याचा मोह कुणालाही होईल.

काय होईल, ते एका कल्पित आकड्यावर पाहू. समजा, नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत २०२७ मध्ये १८ लाख लोक मोजले गेले. हे भाकीत नव्हे, उदाहरणापुरते धरलेले माप आहे. २०११ च्या ११,२०,५४७ वर वाढ ६०.६ टक्के. मागच्या खेपेला ५९.२ होती. बातमी अशी होईल की नवी मुंबईच्या वाढीचा वेग कायम आहे, किंचित वाढलाच आहे. आता १.६०६४ दाबून वर्गमूळ चार वेळा घेऊ : १.२६७४, १.१२५८, १.०६१०, १.०३०१. दर ३.०१ टक्के. मागच्या दशकातला ४.७६ होता. वाढ कायम राहिली नाही, एक तृतीयांशाहून अधिक मंदावली. एकूण टक्केवारी मात्र जवळजवळ जशीच्या तशी, कारण तिला सहा वर्षे जास्त मिळाली.

उलटही पाहता येते. ४.७६ चाच वेग टिकला असता तर २०२७ ला किती झाले असते? १.०४७६ चा चार वेळा वर्ग करा, २.१० पट. म्हणजे साडेतेवीस लाख. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचे डोंगर अशा चिंचोळ्या पट्ट्यात हे कसे बसेल, हा प्रश्न नगररचनाकारांचा. गणितापुरते इतकेच की सरासरी दर मागे काय घडले त्याचे माप आहे, पुढे तेच घडेल याची हमी त्यात नसते. मागचेही त्यात सगळे येत नाही. १९९१ ते २००१ मध्ये नवी मुंबई वर्षाला साडेआठ टक्क्यांहून वेगाने वाढली. १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत आली ती याच दशकात. पुढच्या दशकात वेग ४.७६ झाला. वीस वर्षांचा ६.७ हा दर दोन्ही दशकांना लागू पडत नाही. दोन टोके सरळ जोडणाऱ्या एका काल्पनिक शहराचा तो दर आहे.

राहिली हद्द. इथे सूत्र बरोबर लिहूनही उत्तर पार बिघडू शकते, आणि कोणताही पडताळा ते पकडत नाही. बोलताना आपण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सगळ्याला नवी मुंबईच म्हणतो, कारण सगळे सिडकोने वसवले. पण ही वस्ती नवी मुंबई महानगरपालिकेत नाही. खारघर, कामोठे, कळंबोली तर २०११ मध्ये पनवेल नगरपालिकेतही नव्हती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुनी नगरपालिका आणि भोवतालची २९ गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा ही सगळी वस्ती एका हद्दीत आली. २०११ च्या जनगणनेत पनवेल नगरपालिकेची लोकसंख्या १,८०,०२० आहे. त्याच जनगणनेतून आजच्या महानगरपालिकेच्या हद्दीतली वस्ती वेचून जोडली, तर ती पाच लाखांच्या थोडी वर जाते. एकाच दिवशी मोजलेली तीच माणसे, आणि पट पावणेतीनच्या वर. एकही घर नवे बांधले गेलेले नाही, फक्त नकाशावरची रेघ सरकली.

पुन्हा समजा की २०२७ मध्ये पनवेल महानगरपालिकेत ९ लाख लोक निघाले. तक्त्यात ‘पनवेल’ शोधून २०११ चा १,८०,०२० हा आकडा उचलला, तर शहर पाचपट झाले. पाचावर वर्गमूळ चारदा घेतले की १.१०५८, म्हणजे दर वर्षी साडेदहा टक्क्यांहून जास्त. देशातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या शहरांच्या यादीत पनवेल झळकेल, आणि जमिनीचे भाव सांगणारे ती यादी खिशात घेऊन फिरतील. आजच्याच हद्दीचा २०११ चा आकडा घेतला तर पट १.७७ भरते आणि चार वर्गमुळांनंतर उरतात ३.६ टक्के. नवी मुंबई महानगरपालिकेतूनही १४ गावे मध्यंतरी बाहेर गेली आणि पुन्हा आत घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा तिथेही हाच प्रश्न आहे. २०२७ चे तक्ते हाती आले की कॅल्क्युलेटर काढण्याआधी तळटीप वाचावी. हद्द बदलली असेल तर जनगणनेच्या तक्त्यात तळाशी बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते.